करण्यासारखे काही नाही

माझ्या मागे कुणीतरी लागलंय, अशी याडीची खात्री पटली होती. याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यावर आईला याडीच म्हणतात. पुण्यातली नोकरी सोडून मी हिंगोलीत कामाला लागले आणि पुन्हा घरी राहायला आले, तेव्हा तिला दोनच गोष्टी नव्याने दिसल्या. एक म्हणजे मी, आणि दुसरी म्हणजे माझा फोन. तो चुलीशेजारच्या फळीवर ठेवला की टिंग. भाकरी थापेपर्यंत टिंग. ती उलटेपर्यंत आणखी दोनदा टिंग.

याडीला वाचता येत नाही. पंधरा दिवस तिने धीर धरला आणि मग एका सकाळी शांतपणे विचारलं, "काय म्हणतो तो?"

"काही नाही म्हणतो," मी म्हणाले, कारण ते अक्षरशः खरं होतं.

"दिवसभर?"

"व्हय. 'करण्यासारखे काही नाही' असंच म्हणतो."

तिने भाकरी तव्यावरून काढली, फुंकर मारली आणि निकाल दिला. "रिकामटेकडा हाय मग. असला नको."

मी इतकी हसले की मला ठसका लागला. तो 'तो' म्हणजे आमचा सर्व्हर होता, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. एवढं खरं की तिच्या निकालात आमच्या ऑफिसातल्या कुणालाही जे कळलं नव्हतं ते होतं: दिवसभर येऊन 'काही नाही' सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नसतं.

आमचं ऑफिस हळदीचं. शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली कंपनी, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत दोन खोल्या, आणि तीन गोदामं: एक हिंगोलीत, एक वारंगा फाट्याला, एक नरसीच्या रस्त्यावर. शेतकरी उकडलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली हळद घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, वजनाची पट्टी निघते, त्या पट्टीवरून त्याच्या मालाला लॉट नंबर मिळतो आणि शेतकऱ्याला मेसेज जातो की तुमची इतकी पोती, इतकं वजन, अमुक लॉट. लॉट नंबर असेल तरच हमाल पोती गोदामात लावतात. नंबर नाही तर माल अंगणात.

हे सगळं माणसांनी हाताने करायचं म्हटलं तर हंगाम निघून जाईल. म्हणून ठरावीक वेळेला आपोआप चालणारी छोटी छोटी कामं संगणकावर लावलेली होती. आम्ही त्यांना जॉब म्हणायचो. एक जॉब दर पंधरा मिनिटांनी काट्यावरच्या संगणकात डोकावून नव्या पट्ट्या उचलायचा. एक मेसेज पाठवायचा. एक गोदामातली आर्द्रता बघायचा, एक किडीसाठी धुरी द्यायची तारीख आली का ते, एक दिवसाच्या नोंदींची प्रत काढून ठेवायचा. तीन गोदामांचे मिळून चाळीसेक जॉब होते. आणि त्यातला प्रत्येक जॉब आपलं काम झालं की आमच्या सात जणांच्या ग्रुपवर येऊन हिरवी बरोबरची खूण टाकून सांगायचा: काम पूर्ण. करण्यासारखे काही नाही. नोंदी शून्य.

हळदीचा हंगाम असतो काही महिन्यांचा. बाकीच्या दिवसांत पट्टी कुठली, लॉट कुठला? तरी चाळीस जॉब आपापल्या वेळेला इमानाने यायचे आणि शून्य सांगून जायचे.

हे सगळं लावलं होतं आमच्या सरांनी. पन्नाशी उलटलेले, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेले, कधीही आवाज न चढवणारे. सर्व्हर, काटे, वायरी, सगळं त्यांनीच एकट्याने उभं केलेलं. मी रुजू झाले त्याच महिन्यात हे मेसेज बंद करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला. आधीच्या नोकरीत त्यांच्या हाताखाली नोंदींची प्रत काढणारा एक जॉब होता. तो कधीतरी बंद पडला. कुणाला कळलंच नाही, कारण तो एरवीही काही बोलत नसे. डिस्क गेली तेव्हा कळलं की कित्येक महिन्यांची प्रतच नाही.

"त्या दिवशी मी ठरवलं," सर म्हणाले, "माझा एकही जॉब मुका राहणार नाही. बोलतो म्हणजे जिवंत हाय."

पोळलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मग मीही बाकीच्या सहा जणांनी केलं होतं तेच केलं: ग्रुपचा आवाज बंद केला. पण ती नुसती लाल टिकली आणि तिच्यावरचा आकडा बघूनही जीव जायचा. मग अंगठ्याने सगळं वर ढकलून द्यायची सवय लागली. पुढे पुढे ग्रुपच नव्हे, सगळा फोनच मी गप्प करून पिशवीत टाकू लागले. सरांचा फोन तर टेबलाच्या खणात असायचा. जॉब बोलत होते, म्हणजे सगळं जिवंत होतं, म्हणजे बघायची गरज नव्हती. असं ते गोल फिरत होतं.

मग हंगाम आला. मोंढ्याच्या रस्त्याने चालताना पायताणं पिवळी होऊ लागली. आणि त्या धावपळीत एका सकाळी वारंगा फाट्याच्या काट्यावरच्या ताई आमच्या दारात उभ्या राहिल्या.

या ताईंना मी तोवर फोनवरच ऐकलं होतं. काट्याचं सगळं त्याच बघायच्या: ट्रॅक्टर चढवणं, वजन घेणं, पट्टी काढणं. उन्हाने रापलेला चेहरा, खांद्याला कापडी पिशवी, हातात लांबडं रजिस्टर. एसटीने आल्या होत्या. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"तुमी समदे बरे हाव ना?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, काही झालं की काय इकडं. परवापासून फोन करून राहिले. सरांचा वाजते, उचलत न्हाईत. मॅडमचा वाजते, उचलत न्हाईत."

सरांनी खण उघडला. मी पिशवी उघडली. दोघांच्याही फोनवर त्यांचे न उचललेले फोन होते, आणि ते किती होते हे सांगायची मला आजही लाज वाटते.

"काय झालं, ताई?"

"काय झालं म्हंजे? परवापासून एकालाबी लॉट नंबर भेटला न्हाई. पोती अंगणात. पाय ठेवायला जागा न्हाई. अन् काहून मेसेज येत न्हाई म्हणून शेतकरी माझ्या टेबलापाशी."

सर अगदी शांत आवाजात म्हणाले, "पण ताई, वारंग्याचा जॉब तर चालू आहे. हे बघा, पाच मिनिटांपूर्वीच बोलला." त्यांनी फोन पुढे केला. हिरवी खूण. काम पूर्ण. करण्यासारखे काही नाही. नोंदी शून्य.

ताईंनी ते वाचलं. "त्याच्या तोंडाला काय," त्या म्हणाल्या. "माज्या टेबलासमोर पस्तीस ट्रॅक्टर उभे अन् हा म्हणते काही न्हाई. ग्रुपवर मी चार बार लिहिलं. वाचलंच न्हाई कुणी."

आम्ही ग्रुप वर सरकवू लागलो. शून्य, शून्य, शून्य, धुरी शून्य, प्रत पूर्ण, शून्य. आणि मधेच, दोन हिरव्या खुणांच्या बेचक्यात: "सर वारंग्याच्या पट्ट्या पुढं जाऊन नाही राहिल्या." मग पुन्हा शून्यांची रांग. मग: "सर बघता का." मग रांग. मग: "कोणी हाय का." आणि चौथा मेसेज काल दुपारचा. तो वाचून मी तोंडावर हात ठेवला. ताईंनी माणसासारखं लिहिणं सोडून दिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

"काम अपूर्ण. करण्यासारखे पुष्कळ आहे. नोंदी एकशे बेचाळीस."

वर हिरवी खूणही टाकली होती.

"म्हटलं, मशीनसारखं लिहिलं तर तरी वाचतील," ताई म्हणाल्या.

सर हसले. त्या दिवसापर्यंत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलले, मग चष्मा घसरला, मग ते खुर्चीला धरून वाकले. ते हसताहेत म्हणून मी हसले, आम्ही हसतोय म्हणून ताईंना आधी राग आला आणि मग त्याही हसायला लागल्या, रजिस्टर छातीशी धरून. पस्तीस ट्रॅक्टर उभे होते आणि आम्ही तिघं डोळे पुसत होतो. लाजेचं हसू फार जोरात येतं.

चूक काय होती ते मला दहा मिनिटांत सापडलं. काट्याचं यंत्र पुरवणाऱ्या माणसाने परवा सकाळी येऊन वारंग्याच्या संगणकावर नवा प्रोग्राम टाकला होता. जुना प्रोग्राम सगळ्या पट्ट्या एकाच फोल्डरमध्ये टाकायचा. नवा रोज त्या दिवसाच्या तारखेचा वेगळा फोल्डर करायचा. आमचा जॉब बिचारा दर पंधरा मिनिटांनी जुन्याच फोल्डरमध्ये डोकवायचा. फोल्डर होता, उघडत होता आणि रिकामा होता. म्हणून जॉब खरं तेच सांगत होता: मला काही मिळालं नाही. हंगाम नसतानाचं शून्य आणि हे शून्य, दोन्ही शब्दाला शब्द तेच.

दुरुस्ती ऑफिसात बसूनही झाली असती. पण सर म्हणाले, "चला. डोळ्यांनी बघायचं." आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून वारंगा फाट्याला गेलो.

अंगण खरंच भरलं होतं. पोत्यांच्या थप्प्या, त्यांच्यावर ताडपत्र्या, थप्प्यांमधून वाकडीतिकडी वाट. एक म्हातारे शेतकरी आपल्या पोत्यांवर चादर टाकून पहुडले होते, जणू घरचीच बाज. त्यांना मी नमस्कार केला आणि माफी मागितली.

"काई तकलीफ न्हाई," ते म्हणाले. "दोन दिस झाले. इथं खिचडी चांगली भेटते. पण मेसेज आल्याबिगर मी पोतं सोडनार न्हाई."

मी ताईंच्या खुर्चीत बसले आणि जॉबला नवे फोल्डर दाखवले. सर मागे उभे होते. "दोनदा जाणार नाहीत ना एकाच पट्टीचे मेसेज?" त्यांनी विचारलं. नव्हते जाणार, प्रत्येक पट्टीचा नंबर वेगळा होता आणि आधी घेतलेला नंबर सर्व्हर पुन्हा घेत नसे. मी जॉब चालवला. पडद्यावर आकडा चढू लागला आणि पुढच्या मिनिटात ते झालं.

अंगणातले फोन वाजू लागले. आधी एक, कुठल्यातरी ट्रॅक्टरच्या सीटवर. मग दोन ताडपत्रीखाली. मग एकाच वेळी इतके की एकाची बासरी, दुसऱ्याचा ढोल, तिसऱ्याची अजान, चौथ्याचं भजन, असा गलका उठला आणि माणसं सदऱ्यात, पिशवीत, धोतराच्या कनवटीला हात घालू लागली. पोत्यांवरचे आजोबा उठून बसले. त्यांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि शेजारच्याला म्हणाले, "आला बरं का." मग चादरीची घडी घातली.

हमाल पोती उचलू लागले तेव्हा आम्ही फाट्यावरच्या हॉटेलात बसलो. वाफाळती खिचडी आणि कढी आली. सरांचा घास हातातच राहिला.

"बंद करू सगळे मेसेज," ते म्हणाले. "पण मला सांगा, उद्या जॉब मेला तर तो पण गप्पच राहील. काम नाही म्हणून गप्प आणि मेला म्हणून गप्प, मी कसं ओळखू?"

हा प्रश्न बरोबर होता. उत्तर ताईंनी दिलं, कढी ओरपता ओरपता.

"आमच्याकडं बावीस हमाल हाईत," त्या म्हणाल्या. "सकाळी येऊन मस्टरवर सही करतात. आता प्रत्येक हमाल घडीघडी माज्यापाशी येऊन 'ताई मी हाय, काम न्हाई' म्हणला, तर मी काटा कधी करू? मी मस्टर बघते. ज्याची सही न्हाई त्यालाच फोन."

मी आणि सरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पर्समधून पेन काढलं आणि हॉटेलच्या कागदी रुमालावर रेघा मारू लागले.

पुढचे दोन आठवडे मी हवेत होते. कामाची अशी नशा मला आधी कधी चढली नव्हती. मोंढ्यातून चालताना मी स्वतःशी बोलायचे आणि समोरच्या बैलाला वाट द्यायला विसरायचे. आम्ही सर्व्हरवर एक हजेरीपट ठेवला. काम झालं की जॉबने कुणाला काही सांगायचं नाही, फक्त त्या पटावर वेळ आणि नोंदींचा आकडा लिहायचा. ज्याला वाचायचं त्याने केव्हाही पट उघडावा, त्यातलं काहीच पुसत नव्हतो. मग एकच पहारेकरी जॉब, जो पट बघत बसतो. कुणी किती वेळाने यायचं होतं, थोडी सवलत धरून तो आला का? आला नाही तरच बोलायचं.

शून्याचं मात्र वेगळं करावं लागलं. वारंग्याचा जॉब हजर होताच की, रोज, वेळेवर. नुसती सही त्याचीही झाली असती. म्हणून सरांनीच सुचवलं की काट्याच्या यंत्रात आतापर्यंत निघालेल्या पट्ट्यांचा आकडा असतो, तो वाचायचा. काट्याचा आकडा पुढे गेला आणि आपल्याकडे शून्य, म्हणजे भांडण; लगेच बोलायचं. काट्याचाही आकडा जागेवर, तर शून्य खरं; गप्प बसायचं. आणि पहारेकरीच मेला तर? त्यासाठी नरसीच्या गोदामातला एक जुना संगणक निवडला. त्याचं काम एवढंच: हिंगोलीचा पहारेकरी तासभर दिसला नाही तर माझ्या आणि सरांच्या फोनवर थेट कॉल करायचा.

प्रत्येक मेसेजला आम्ही अट घातली. कुठलं गोदाम, कुठलं काम, कधीपासून, आणि आधी काय बघायचं. हे चार सांगता येत नसतील तर तोंड उघडायचं नाही.

एका सोमवारी सकाळी दहाला जुने मेसेज बंद केले.

साडेदहाला हिशेब बघणाऱ्या बाईंनी विचारलं, सर्व्हर बंद पडलाय का. अकराला हिंगोली गोदामाच्या व्यवस्थापकांनी विचारलं, मला ग्रुपमधून काढलं का. सरांनी खणातून फोन काढून टेबलावर ठेवला, उलटा केला, सुलटा केला, आणि दुपारी माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला: "हॅलो." ते समोरच बसले होते.

"नेट चालू आहे का बघितलं," ते म्हणाले.

तीन दिवस त्यांची अवस्था नवीनच दात काढलेल्या माणसासारखी होती. जीभ सारखी रिकाम्या जागेकडे जायची. पट उघडून बघायचे, सगळे हजर, मिटायचे, पुन्हा उघडायचे. मला हसू यायचं आणि मायाही वाटायची.

चौथ्या दिवशी मात्र माझीच फजिती झाली. नरसीच्या रस्त्यावर कुठेतरी खोदकाम चालू होतं, नेट जात येत होतं, आणि माझा हुशार पहारेकरी दर वेळी सांगू लागला: नरसी गैरहजर. नरसी हजर. नरसी गैरहजर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ग्रुपवर तीसेक मेसेज. ताईंनी वारंग्याहून लिहिलं, "मॅडम, आला का परत तुमचा पाहुणा?" मी कान धरले. ओळीने दोन पाळ्या चुकल्या तरच बोलायचं, एकदाच बोलायचं, आणि नीट स्थिरावल्यावर एकदाच 'आला' सांगायचं, असं दुपारी बदललं. मग ग्रुप पुन्हा गप्प झाला.

तरी सरांचा विश्वास बसत नव्हता, आणि ते त्यांनी मला सांगितलंही नाही. पुढच्या आठवड्यात मी चहाचा कप तोंडाला लावते तोच फोन वाजला. कितीतरी दिवसांनी वाजला, त्यामुळे मी दचकून चहा ओढणीवर सांडला. वारंगा गोदाम, पट्ट्या उचलणारा जॉब, अकरा वाजल्यापासून हजेरी नाही, काट्याचा संगणक चालू आहे का बघा. मी लगेच ताईंना फोन लावला.

"ताई, संगणक चालू आहे का?"

पलीकडे दबलेलं हसू. मग ताई म्हणाल्या, "सरांना विचारा."

मी वळून पाहिलं. सर मनगटावरचं घड्याळ बघत होते. "दोन पाळ्या आणि चार मिनिटं," ते म्हणाले. "ताई, वायर लावा परत." आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्यांनी ताईंना सकाळीच फोन करून सांगितलं होतं, ट्रॅक्टर नसतील तेव्हा वायर काढा आणि पोरीला सांगू नका. मी रागावायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी ओली ओढणी घेऊन दोन खोल्यांत उगीचच चकरा मारल्या. त्यानंतर सरांनी आणखी दोनदा असंच केलं: एकदा हिंगोलीचा पहारेकरीच बंद केला, आणि तासाभराने नरसीच्या म्हाताऱ्या संगणकाने आम्हा दोघांना कॉल केला. सरांनी तो उचलला, कानाला लावला आणि यंत्राचा आवाज संपल्यावर सवयीने "बरं, ठेवतो" म्हणाले.

खराखुरा इशारा आला तो हंगाम सरता सरता. नऊ दिवस ग्रुप कोरा होता. मग सकाळी: नरसी गोदाम, आर्द्रतामापक, नऊ वाजल्यापासून हजेरी नाही, वायर आणि अडॅप्टर बघा. मी वाचेपर्यंत बाकीच्या सहाही जणांनी वाचला होता. व्यवस्थापक म्हणाले, मी निघू का? हिशेबाच्या बाई म्हणाल्या, काय झालं? ताईंनी वारंग्याहून लिहिलं, "हळद दमट होईल, पळा लवकर." ज्या ग्रुपवर त्यांनी चार वेळा हाक मारून कुणी ओ दिली नव्हती, तिथे एका मिनिटात सगळ्यांच्या ओ आल्या. मला भरून आलं, म्हणजे हसूच आलं, पण डोळ्यांत पाणीही होतं.

सर आणि मी गाडी काढली. गोदामात शेवटच्या थप्पीमागे, भिंतीलगत फळीवर मापक असायचा आणि खाली अडॅप्टर. मी मोबाइलचा उजेड टाकला. अडॅप्टर सॉकेटमधून निघून लोंबत होता, आणि त्याच्या खाली रिकाम्या बारदानाच्या ढिगावर एक मांजर आडवी पडली होती. पोटाशी चार पिल्लं. अडॅप्टर गरम असतो. तिला उबेची जागा सापडली होती आणि बाळंतपणाच्या गडबडीत तिचा धक्का लागला असावा. तिने आमच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

सर त्यांच्या कडक इस्त्रीच्या पँटसकट खाली फरशीवर बसले. पिवळी धूळ होती, तरी बसले.

"हिला उठवायचं नाही," ते म्हणाले.

"पण सर, मापक?"

"पलीकडच्या खांबाला लावू. लांब वायर आणावी लागेल नरसीतून. संध्याकाळ होईल." त्यांनी फोन काढला. "तोपर्यंत उगाच गैरहजेरी लागत राहील. याला आजची रजा टाका पटावर."

तशी सोय मी आधीच करून ठेवली होती: ठरवून बंद ठेवलेल्या कामाला रजा द्यायची, पण रजेला शेवट हवाच, नाहीतर माणसं विसरतात आणि काम कायमचं मुकं होतं. शेवटची वेळ आणि कारण लिहिल्याशिवाय रजा मंजूर होत नसे.

मी पट उघडला. वेळ घातली, सायंकाळी सहा. कारणाच्या चौकटीपाशी थांबले.

"काय लिहू, सर?"

सरांच्या बोटाला एक पिल्लू चिकटलं होतं. त्यांनी ते हळूच सोडवलं.

"बाळंतपण," ते म्हणाले. "खरं तेच लिहा."

मी लिहिलं आणि रजेची सूचना कारणासकट ग्रुपवर गेली. दोन मिनिटांत ग्रुपवर ताईंचा प्रश्न आला, कुणाचं म्हणून, आणि मग व्यवस्थापकांचा, आणि मग हिशेबाच्या बाईंचा, आणि आम्ही दोघं हळदीच्या पोत्यांना टेकून, मांजर जागी होऊ नये म्हणून तोंडं दाबून हसत राहिलो.